पाटीलबावांचे जोडे आणि बादशहाचे रिकामे तख्त : जून १७९२ मधील पुण्याची तहजीब

‘तहजीब’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे लखनौ उभे राहते. ‘पहले आप’ म्हणत दारात खोळंबलेले दोन नवाब, अत्तराचा फाया, पानाचे तबक आणि कमरेत लवून केलेला आदाब. हिंदी चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की तहजीब म्हणजे गोड बोलणे आणि सुबक वागणे, यापलीकडे तिचा काही अर्थ असेल अशी शंकाही येत नाही. पण अठराव्या शतकातील दरबारात वावरणाऱ्या माणसासाठी ती शोभेची वस्तू नव्हती. कोणी कुठे बसायचे, कोणी किती वाकायचे, कोणाच्या हातून वस्त्र घ्यायचे आणि पत्राच्या आरंभी कोणाला काय म्हणायचे, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या काळी राज्ये तोलली जात.

या धाग्याचा विषय आहे जून १७९२ मधील पुणे. त्या महिन्यात एका मराठा सरदाराने उत्तर हिंदुस्थानची दरबारी तहजीब पुण्यात आणली, तीही साग्रसंगीत, तख्त-फर्मानासकट. पुण्याची स्वतःची एक रीत आधीपासून होती. या दोन रीती एकाच तंबूत समोरासमोर आल्या तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

आधी शब्दाकडे वळू. ‘तहजीब’ मूळचा अरबी. त्याच्या धातूचा जुना अर्थ आहे छाटणे, साफ करणे, तासून नीट करणे. माळी झाडाच्या वेड्यावाकड्या फांद्या काढून त्याला आकार देतो, त्या जातीची ही क्रिया. पुढे ती माणसाच्या स्वभावाला लागू झाली. इब्न मिस्कवैह या तत्त्वज्ञाने हजार वर्षांपूर्वी नीतिशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला त्याचे नाव ‘तहजीब-उल-अखलाक’, म्हणजे शील घासूनपुसून नीट करणे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये सुरू केलेल्या उर्दू नियतकालिकालाही हेच नाव दिले. आज उर्दू-हिंदीत या शब्दाचा जो ‘संस्कृती’ असा व्यापक अर्थ आहे तो पुष्कळसा याच उत्तरकाळात फुगत गेलेला. मुळात मात्र तो एक क्रियावाचक शब्द होता, आणि छाटणीत काहीतरी कापले जाते हे त्यात गृहीत होते.

मराठीत हा शब्द फारसा रुजला नाही. ज्या भाषेने फारसीतून शेकडो शब्द उचलले तिने हाच का सोडला असावा? त्याचे काम करणारे शब्द तिच्याकडे आधीच येऊन बसले होते, हे त्याचे बहुधा साधे कारण. अदब, शिरस्ता, दस्तूर, रिवाज, मुजरा, मायना हे सगळे फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. त्यांच्या शेजारी मान, मर्यादा, रीतभात हे घरचे शब्द नांदत होते. ‘मानमरातब’ या जोडशब्दात तर दोन्ही कुळे एकत्र आहेत. मान संस्कृतातला आणि मरातब अरबीतला, ‘मर्तबा’ म्हणजे पायरी या शब्दाचे अनेकवचन. म्हणजे मानमरातब याचा शब्दशः अर्थ मान आणि पायऱ्या. मराठी माणसाला तहजीब समजली ती अशी, पायऱ्यांच्या हिशेबात.

या पायऱ्या किती जीवघेण्या असू शकतात ते महाराष्ट्राने १७९२ च्या सव्वाशे वर्षे आधी पाहिले होते. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. नजर पेश झाली, निसार झाला, पण बादशहाकडून ना विचारपूस झाली ना योग्य जागा मिळाली. महाराजांचा संताप उसळला तो रांगेवरून. शब्दाने कोणी अपमान केला नव्हता. अपमान उभे राहण्याच्या जागेत होता, आणि दरबारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो न बोलता वाचता येत होता.

आता १७९२ कडे येऊ.

पुण्यात पेशवे होते सवाई माधवराव, वय अठरा. कारभार नाना फडणिसांच्या हाती. महादजी शिंदे दहा-बारा वर्षे उत्तरेत काढून त्या जूनमध्ये पुण्याला आले. दिल्लीत शाह आलम दुसरा नावाचा बादशहा होता. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून त्याचे डोळे काढले. महादजींच्या फौजांनी दिल्ली सोडवली, गुलाम कादिरला पकडून ठार केले आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. त्यामुळे साम्राज्य नाममात्र उरले असले, तरी ते नाव महादजींच्या मुठीत होते.

या नावाची किंमत काय होती, हे समजल्याशिवाय पुढचा प्रसंग कळत नाही. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांना दिले आणि महादजींना त्यांचा नायब नेमले. वकील-इ-मुतलक म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, वजीर आणि सेनापती या दोघांच्याही वरचा. पद पेशव्याचे आणि कारभार महादजींचा, अशी ही मांडणी होती. उत्तरेत राजपूत राजे, रोहिले आणि मोगल अमीर यांच्यापुढे बादशहाच्या नावाने वसुली मागता येई. निव्वळ मराठा सरदार म्हणून ती मागणे निराळे होते. फौज दोन्ही वेळा तीच असली तरी मागण्याची भाषा बदलली की देणाऱ्याची अडचण कमी होते. बादशहापुढे वाकण्यात कोणाची अप्रतिष्ठा नव्हती.

पण या पदाची सनद, खिलत आणि चिन्हे अजून विधिपूर्वक पेशव्यांच्या अंगावर चढली नव्हती. ती घेऊन महादजी पुण्याला आले आणि त्यांनी संगमाजवळ तळ दिला.

नाना फडणिसांनी या समारंभाला विरोध केला. त्यांचा आक्षेप वरवर पाहता शिष्टाचाराचा होता, आणि तो अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. पेशवा हा सातारच्या छत्रपतींचा सेवक. प्रत्येक पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहून येत. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे होते तेव्हा, मे १७७४ मध्ये, त्यांनाही ती तशीच आली होती. ज्याच्या अंगावर छत्रपतींची वस्त्रे आहेत त्याने बादशहाची वस्त्रे घ्यावीत काय? आणि ‘महाराजाधिराज’ यांसारखे किताब, जे खुद्द त्याच्या धन्यापेक्षा मोठे वाटतात, ते छत्रपतींच्या आज्ञेवाचून मिरवावेत काय?

येथे क्षणभर थांबून ‘वस्त्रे’ या गोष्टीचा विचार करायला हवा. खिलत या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘अंगावरून उतरवणे’ अशी कल्पना आहे. राजा आपल्या अंगावरचे वस्त्र उतरवून सेवकाच्या अंगावर घालतो, आणि त्या वस्त्राबरोबर आपल्या सत्तेचा एक अंश त्याला देतो. घेणारा सन्मानित होतो खरा, पण त्याच क्षणी तो देणाऱ्याच्या खालचा ठरतो. म्हणून खिलत नाकारणे हे बंड मानले जाई, आणि दोघांकडून खिलत घेणे म्हणजे दोन धनी मान्य करणे होई. नानांचा प्रश्न कपड्यांविषयीचा दिसतो, प्रत्यक्षात तो मराठी राज्याच्या घटनेविषयीचा होता. तो त्यांनी सद्भावनेने विचारला की महादजींचे वजन वाढू नये म्हणून, हा वाद इतिहासकार घालू शकतात. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

महादजी मागे हटले नाहीत. अखेर साताऱ्याहून छत्रपतींची संमती मिळवण्यात आली. हा तपशील लक्षात ठेवावा. ज्या छत्रपतींना साताऱ्याच्या बाहेर कोणी विचारत नव्हते, त्यांचा कागद पुण्यात समारंभ अडवू शकत होता. सत्ता गेली तरी रीत मागे उरते आणि ती अडसर म्हणून वापरता येते. दिल्लीच्या आंधळ्या बादशहाची आणि साताऱ्याच्या छत्रपतींची स्थिती या बाबतीत विलक्षण सारखी होती.

मग भेटी सुरू झाल्या.

पेशव्यांच्या भेटीचा जो प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे तो जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. महादजी पुण्याच्या वेशीशी हत्तीवरून उतरले आणि चालत दरबारात गेले. ज्यांच्या हाताखाली फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेली पलटणे होती ते महादजी दिवाणखान्यात सर्व मानकऱ्यांच्या आणि वंशपरंपरागत सरदारांच्या खालच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पेशवे आले. त्यांनी बसण्यास सांगितले. महादजींनी आपली तेवढी योग्यता नसल्याचे सांगून नकार दिला. काखेत एक गाठोडे होते ते सोडले, त्यातून नव्या जोड्यांचा एक जोड काढून पेशव्यांपुढे ठेवला आणि म्हणाले की हाच आपला व्यवसाय, वडिलांचाही हाच होता. पेशव्यांच्या पायातले जुने जोडे त्यांनी काळजीने गुंडाळून काखेत धरले, आणि बराच आग्रह झाल्यावर मग कुठे ते बसले.

या प्रसंगाच्या मागे शिंदे घराण्याची एक आख्यायिका आहे. महादजींचे वडील राणोजी हे कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. पेशव्यांच्या चाकरीत ते अगदी खालच्या पायरीवरून चढले. बाजीराव एकदा आत मसलतीत असताना बाहेर राणोजी पेशव्यांचे जोडे छातीशी धरून झोपी गेले, ते पाहून बाजीराव प्रसन्न झाले, अशी ती गोष्ट. खरी असो वा नसो, १७९२ च्या दरबारातील प्रत्येकाला ती ठाऊक असणार. त्याशिवाय महादजींच्या कृतीला अर्थच उरला नसता.

जोडेच का? हिंदुस्थानी दरबारात बिछायतीवर पादत्राणे घालून जात नसत. बिछायतीच्या कडेला जोडे उतरत, आणि धन्याचे जोडे सांभाळणारा माणूस त्या कडेवरच उभा राही. तो आत नाही आणि बाहेरही नाही. धन्याच्या शरीराच्या जवळ आहे, पण सर्वांत हलक्या वस्तूच्या निमित्ताने. महादजींनी स्वतःसाठी हीच जागा निवडली.

आता यात ढोंग किती आणि निष्ठा किती? मराठी वाचकांनी हा प्रसंग बहुतेक वेळा एकतर स्वामिभक्तीचा नमुना म्हणून वाचला आहे, नाहीतर धूर्त नाटक म्हणून. दोन्ही वाचने थोडी घाईची वाटतात. मानकऱ्यांच्या रांगेकडे पाहिले तर वेगळे काही दिसते. जुने मानकरी हे छत्रपतींच्या काळापासूनचे. त्यांचा मान पेशव्यांकडून आलेला नव्हता, त्यामुळे पेशव्यांच्या दरबारात त्यांची जागा शिंद्यांच्या वरची होती. महादजी आपल्या बळावर वरच्या जागेचा दावा करते, तर तिथल्या तिथे भांडण झाले असते आणि रिवाजाच्या हिशेबाने महादजी हरले असते. त्यांनी रांगेचा खेळच नाकारला. रांगेत दहावे किंवा विसावे स्थान घेण्याऐवजी ते रांगेच्या बाहेर, थेट धन्याच्या पायाशी गेले. सर्वांत खालची जागा घेणाऱ्याला आणखी खाली ढकलता येत नाही, आणि पेशव्यांनी हात धरून वर बसवले तर त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

महादजींना ही भाषा दोन्ही बाजूंनी येत होती, याचा पुरावा त्यांच्या नावांत आहे. फारसी कागदांत ते ‘आलीजाह बहादुर’, म्हणजे उच्च पदवीचे धनी. मराठी पत्रव्यवहारात मात्र ते ‘पाटीलबावा’. हा पाटील शब्द त्यांनी स्वतः हौसेने वागवला. एकच माणूस दिल्लीच्या कागदात आभाळाला टेकतो आणि पुण्याच्या कागदात गावच्या चावडीवर येऊन बसतो. मराठी पत्रांच्या मायन्याची शिस्त ज्यांनी चाळली आहे त्यांना याचे महत्त्व लगेच कळेल. कोणाला ‘श्रीमंत’, कोणाला ‘राजश्री’, कोणाला ‘तीर्थरूप’, कोणाला ‘चिरंजीव’ लिहायचे, शेवटी ‘विज्ञापना’ करायची, ‘विनंती’ करायची की ‘आशीर्वाद’ द्यायचा, हे ठरलेले असे. लिहायच्या या रीतींची ‘मेस्तके’ कारकुनांसाठी तयार असत. मायना चुकला तर मजकूर कितीही गोड असला तरी पत्र उद्धट ठरे.

नाना भेटीस आले तेव्हाही महादजींनी हेच धोरण ठेवले. पेशव्यांच्या कारभाऱ्यासमोर त्यांनी आपल्या मसनदीवर बसण्याचे नाकारले. मसनद म्हणजे लोड-तक्क्यांची बैठक, घरच्या धन्याची जागा. आपल्याच तंबूत आपल्याच जागेवर न बसणे, एवढ्या एका गोष्टीने त्यांनी नानांच्या सर्व संशयांना शिष्टाचाराचे उत्तर दिले. संशय अर्थातच गेले नाहीत.

आणि मग तो मोठा दिवस उजाडला, फर्मानबाडीचा. या दिवसाचे वर्णन ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आले आहे.

बादशहाचे फर्मान आपल्या घरी बसून घेण्याची पद्धत नव्हती. ते येत आहे असे कळले की मोठ्यातल्या मोठ्या सुभेदाराने गावाबाहेर सामोरे जावे आणि ते मस्तकी लावावे, असा मोगली दस्तूर होता. शिवाजी महाराजांनाही पुरंदरच्या तहानंतर बादशाही फर्मान घेण्यासाठी सामोरे जावे लागले होते. १७९२ मध्ये महादजींनी आपल्या तळापासून थोड्या अंतरावर भव्य डेरे उभारले. पेशवे मोठ्या लवाजम्यानिशी तेथे आले. डेऱ्याच्या टोकाला एक तख्त होते. त्यावर कोणी बसलेले नव्हते. बादशहाच्या जागी बादशहाचे फर्मान, खिलत आणि पदाची चिन्हे मांडलेली होती.

पेशवे तख्ताच्या दिशेने गेले, तीन वेळा मुजरा केला, एकशे एक मोहरा नजर ठेवल्या आणि बसले. महादजींच्या फारसी मुनशीने फर्माने वाचून दाखवली. त्यांत गोहत्याबंदीचेही एक फर्मान होते. पुण्याच्या ब्राह्मणी दरबाराला दिल्लीची वस्त्रे गोड लागावीत म्हणून ते मुद्दाम या प्रसंगी वाचले गेले, असे मानण्यास जागा आहे.

मग खिलत. नऊ वस्त्रे, पाच जवाहीर, तलवार आणि ढाल, शिक्का आणि दौत, मोर्चेल, नालकी आणि पालखी, घोडा, हत्ती, आणि माही-मरातब. यांतील काही गोष्टी उलगडून पाहण्यासारख्या आहेत. नऊ हा आकडा तुर्क-मोगलांच्या जुन्या परंपरेतला. मध्य आशियात नऊ ही शुभ संख्या, त्यामुळे बक्षिसे नवाच्या हिशेबात दिली जात. तलवार आणि दौत एकत्र आहेत, कारण वकील-इ-मुतलकाच्या हाती लष्कर आणि दफ्तर दोन्ही आले. माही-मरातब म्हणजे काठीवर बसवलेले माशाचे मानचिन्ह. फारसीत माही म्हणजे मासा, आणि मरातब म्हणजे आपल्या मानमरातबातला तोच. शब्द मराठी घराघरात पोहोचला, मासा मात्र निवडक दाराशीच राहिला.

पेशवे शेजारच्या डेऱ्यात गेले, बादशाही पोशाख घालून परत आले आणि बसले. महादजी, हरिपंत फडके आणि इतर अधिकाऱ्यांनी त्यांना नजरा केल्या. पेशवे वाड्याकडे जायला उठले तेव्हा महादजी आणि हरिपंत त्यांच्यामागून मोर्चेले घेऊन चालले. नालकीतून मिरवणूक निघाली, तोफांच्या सरबत्त्या झाल्या. वाड्यावर पोहोचल्यावर महादजींना पेशव्यांचे नायब म्हणून वस्त्रे देण्याचा विधी झाला.

हा क्रम नीट पाहावा. बादशहाने पेशव्याला दिले, पेशव्याने महादजीला दिले. दोन पायऱ्या, दोन खिलती. प्रत्यक्षात सत्तेचा ओघ उलटा होता. महादजींच्या फौजेने बादशहाला गादीवर ठेवले होते, आणि महादजींनीच ही वस्त्रे दिल्लीहून आणली होती. म्हणजे महादजींनी बादशहाकरवी पेशव्याला द्यायला लावले, आणि पेशव्याकडून स्वतः घेतले. समारंभाचा सारा अर्थ या वळशात होता. सरळ स्वतःकडे घेतले असते तर ते बंड झाले असते. वळसा घालून घेतले म्हणून ते चाकरी ठरले. माल्कमच्या काळी लोकांत म्हटले जाई की महादजी स्वतःला सेवक म्हणवून घेत घेत राजा झाले. ते या अर्थाने अगदी बरोबर होते.

पण सगळ्यांनी हा वळसा मान्य केला नाही. याच समारंभात मानकऱ्यांनी आपली बाजू दाखवली. छत्रपतींचे जुने सेवक म्हणवणाऱ्यांनी महादजींच्या डेऱ्यांपासून स्वतःला दूर ठेवले आणि नजरा करण्याचे नाकारले. त्यांनी तलवार उपसली नाही की निषेधाचा खलिता लिहिला नाही. ते फक्त वाकले नाहीत. सगळा समारंभ वाकण्यावर उभा असताना न वाकणे हे पुरेसे मोठे विधान होते. आग्र्याच्या दरबारातील प्रसंगाशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की येथे बादशहा जागेवर नव्हता.

त्या रिकाम्या तख्ताने पुण्यातील सामान्य माणसालाही कोड्यात टाकले असावे. उत्तरेत बादशहाच्या नावाला जे वलय होते ते दख्खनेत नव्हते. शंभर वर्षे औरंगजेबाशी आणि त्याच्या सुभेदारांशी झुंजलेल्या मुलखात पेशव्याने दिल्लीच्या कागदाला तीनदा मुजरा करावा, याची चमक डोळ्यांना दिसली तरी मनाला पटणे अवघड होते. महादजींची मोजणी येथे चुकली असे म्हणता येईल. आग्रा-दिल्लीच्या पट्ट्यात जे नाणे खणखणीत वाजत होते ते मुठा-मुळेच्या काठी बद्द वाजले. दरबारी रीती देशोदेशी एकाच भावाने चालत नाहीत, आणि दहा-बारा वर्षे उत्तरेत राहिलेल्या माणसाला याचा थोडा विसर पडला असणे स्वाभाविक आहे.

समारंभातून महादजींना हवे होते ते पूर्ण मिळाले नाही. तरुण पेशव्याचा स्नेह मिळाला, शिकारी आणि सहली झाल्या. नानांचा अविश्वास मात्र टिकला, आणि उत्तरेच्या खर्चाचे व देण्याघेण्याचे हिशेब लांबत राहिले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले. सवाई माधवराव पुढच्याच वर्षी वाड्याच्या मजल्यावरून पडून गेले. पाच जवाहीर आणि माशाचे चिन्ह मिळालेल्या वकील-इ-मुतलकाचे वय तेव्हा एकवीस होते.

दहा वर्षांत चित्र इतके बदलले की ओळखू येऊ नये. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरून इंग्रजांच्या आश्रयाला वसईस गेले. त्याच वसईत, जी चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकली होती, ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह झाला. या तहाची भाषा कमालीची सभ्य आहे. एकाचे मित्र ते दुसऱ्याचे मित्र, एकाचे शत्रू ते दुसऱ्याचे शत्रू, असे त्यात म्हटले आहे. कोणी कोणापुढे वाकत नाही, कोणी कोणाला वस्त्रे देत नाही, कागदावर दोघेही सारखे. आणि त्याच कागदाने पेशव्यांच्या राज्यात इंग्रजांची सहा हजारांची फौज कायमची बसते, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख जातो, आणि दुसऱ्या सत्तांशी बोलणे करण्यापूर्वी कंपनीला विचारणे भाग पडते. फर्मानबाडीच्या डेऱ्यात पेशवा तीनदा वाकला आणि उठला तेव्हा त्याचे काही गेले नव्हते. वसईत तो ताठ बसून राहिला.

पुढच्या सप्टेंबरात जनरल लेकने दिल्ली घेतली. शाह आलम आता इंग्रजांच्या पेन्शनीवर आला. त्याच्या नावाने फर्माने काढण्याची गरज हळूहळू संपली.

राहता राहिला जोड्यांचा प्रसंग, आणि तो कितपत खरा मानावा हा प्रश्न. माल्कमचा ग्रंथ छापला गेला १८२३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनी. माल्कम स्वतः त्या दरबारात नव्हता. त्याने ऐकलेले लिहिले. ऐकवणारे बहुधा शिंदेशाहीतील किंवा माळव्यातील जाणकार असावेत, ज्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत झालेली होती. गाठोडे, काख, नेमके शब्द, हे तपशील कथेच्या ओघात घडलेले असू शकतात. भेट झाली, महादजींनी नम्रतेचा अतिरेक केला आणि दरबाराला तो लक्षात राहिला, इतके धरून चालावे.

ही नोंद कोणाच्या हातून झाली, हेही विसरू नये. ३ जून १८१८ रोजी असीरगडाच्या परिसरात दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. आठ लाखांची सालाना नेमणूक आणि बिठूरचा रस्ता, या अटींवर त्यांना आपल्या छावणीत घेणारा अधिकारी जॉन माल्कमच होता. शेवटच्या पेशव्याशी अत्यंत अदबीने बोलल्यानंतर पाच वर्षांनी त्याने त्याच गादीपुढे कधीकाळी ठेवलेल्या जोड्यांची गोष्ट लिहून काढली.